हेडिंगच्या छपराखाली : वर्तमानपत्राच्या पीडीएफमधून बातम्या सरळ क्रमाने काढताना

वर्तमानपत्राच्या पानाची पीडीएफ उघडली की आपल्याला बातम्या दिसतात. फाइलमध्ये मात्र बातमी नावाची गोष्टच नसते. तिथे असतात नुसत्या आज्ञा: अमुक फाँट घे, अमुक आकार ठेव, पानावर या ठिकाणी ही अक्षरं उमटव, आता तिकडे जा, तिथे ही उमटव. ही ओळ कुठल्या कॉलमची, हा फोटो कुठल्या बातमीचा, कॉलम संपल्यावर पुढे कुठे वाचायचं, हे त्या आज्ञांत कुठेही लिहिलेलं नसतं. पान लावणाऱ्याच्या डोक्यात ते असतं आणि वाचणाऱ्याला ते सवयीने कळतं. मधल्या मध्ये फाइलमधून ते गळून जातं. पीडीएफला रचनेच्या खुणा जोडायची सोय आहे, पण आमच्याकडे आलेल्या एकाही पानाला त्या नव्हत्या.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला एका जिल्हा दैनिकाने २००८ ते २०१४ या काळातली पानं छापखान्यात गेली तशीच, पीडीएफच्या रूपात दिली. तालुक्याशी संबंधित बातम्या वेगळ्या काढाव्यात, प्रत्येक बातमीचा मजकूर शोधता यावा, असं ठरलं. काम माझ्याकडे आलं. त्यातल्या एकाच पानाबद्दल इथे सविस्तर लिहिते, कारण त्या एका पानात बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र भेटल्या.

पान पावसाळ्यातल्या एका अंकाचं, पहिलंच. आकार ९३५ बाय १४७५ पॉइंट. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजे सुमारे ३३ बाय ५२ सेंटिमीटरचं नेहमीचं मोठं पान. आठ कॉलम, प्रत्येक कॉलम साधारण १०२ पॉइंट रुंद, दोन कॉलमांमध्ये ११ पॉइंटची फट. ही ११ पॉइंटची फट लक्षात ठेवा, पुढे बरंचसं तिच्याभोवतीच फिरतं.

आधी पानात खरोखर अक्षरं आहेत की नुसतं चित्र आहे ते पाहायचं. त्यासाठी आणि पहिल्या अंदाजासाठी पॉपलर या संचातली साधनं पुरतात:

```
pdffonts pan1.pdf
pdftotext -layout pan1.pdf layout.txt
pdftotext -raw pan1.pdf raw.txt
```

`pdffonts` ने फाँटची यादी दिली, म्हणजे पान स्कॅन केलेलं नव्हतं. स्कॅन असतं तर यादी रिकामी आली असती. यादीत `SHREE-DEV` ने सुरू होणारी नावं होती, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये नाही, जुन्या फाँटच्या संकेतांत आहे. त्यामुळे फाइलीत 'आहे' च्या जागी `Amho` आणि 'आणि' च्या जागी `Am{U` असं येतं. हे घाबरण्यासारखं नाही. ते बदलता येतं, आणि सगळ्यात शेवटी बदललेलं बरं. का, ते पुढे सांगते. वाचकांच्या सोयीसाठी इथून पुढची उदाहरणं मी देवनागरीतच देते.

`-layout` पानावरची मांडणी जशीच्या तशी राखतो. तक्त्यांसाठी ते उत्तम, वर्तमानपत्रासाठी निरुपयोगी. तो पानभर आडवा वाचत जातो, त्यामुळे असं हाती येतं:

```
धरणातून आज सकाळपासून   शिक्षकांच्या बदल्यांबाबत
विसर्ग वाढवण्यात आला    जिल्हा परिषदेच्या सभेत
```

डावीकडे पावसाची बातमी, उजवीकडे शिक्षकांची. `-raw` फाइलमध्ये आज्ञा ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने वाचतो. तो यापेक्षा खूप बरा निघतो, कारण मजकुराची एक चौकट एका दमात उमटवलेली असते. कॉलमच्या आत ओळी सरळ येतात. पण चौकटींचा आपापसातला क्रम पान लावताना कुठली चौकट कधी ठेवली आणि कुठली कशाच्या वर आली यावर ठरतो. आमच्या पानात आधी तळाची बातमी, मग मुख्य बातमीचे शेवटचे तीन कॉलम, मग फोटोओळ, मग मास्टहेडखालची, म्हणजे वर्तमानपत्राच्या नावाच्या पट्टीखालची तारीख, आणि कितीतरी नंतर मुख्य बातमीची सुरुवात, असं आलं. कुठलाही पर्याय न देता `pdftotext` चालवला तर तो स्वतः कॉलम ओळखायचा प्रयत्न करतो. दोन कॉलमांच्या मासिकाच्या पानाला ते जमतं. आठ कॉलमांच्या पानावर कुठे जमतं, कुठे नाही, आणि कुठे जमलं नाही ते मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. माझी खरी अडचण तीच होती. चुकलेला क्रम लगेच दिसत नाही. वाक्य कॉलमच्या तळाशी तुटतं, पुढची ओळ भलत्याच बातमीची असते, पण दोन्ही ओळी शुद्ध मराठीच असतात.

म्हणून ओळी त्यांच्या जागेसकट हातात घेतल्या. पायथॉनमधलं `pymupdf` हे पॅकेज प्रत्येक ओळीच्या चार कडा, फाँटचं नाव आणि आकार देतं. त्यात पानाचा वरचा डावा कोपरा शून्य धरलेला असतो आणि खाली जाताना आकडा वाढतो:

```python
import pymupdf
from collections import Counter
page = pymupdf.open("pan1.pdf")[0]
lines = []
for b in page.get_text("dict")["blocks"]:
    for l in b.get("lines", []):
        s = l["spans"]
        lines.append((l["bbox"], s[0]["font"], s[0]["size"], s))
c = Counter(round(b[0]) for b, f, z, s in lines if 10 <= z <= 11)
print(c.most_common(25))
```

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या. बातमीचा मजकूर या पानावर साडेदहा पॉइंटचा होता. त्या आकाराच्या ओळींच्या डाव्या कडा मोजल्या की कॉलम आपोआप उघडे पडतात. २०, १३३, २४६, ३६०, ४७३, ५८६, ७००, ८१३ या आठ जागी मोठी गर्दी दिसली. हेच आठ कॉलम. प्रत्येकाच्या १० पॉइंट उजवीकडे छोटी गर्दी होती. ती परिच्छेदाच्या पहिल्या ओळींची, कारण त्या थोड्या आत ढकललेल्या असतात. ही छोटी गर्दी पुढे फार कामाला आली.

पण यादीत ५०२, ६४३ आणि ७८५ असेही तीन आकडे होते, आणि ते आठांच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. पानाकडे पाहिल्यावर उलगडा झाला. तळाची बातमी ३६० पासून ९१५ पर्यंत, म्हणजे पाच कॉलमांच्या जागेत होती, पण आत मजकूर चारच रुंद कॉलमांत लावलेला होता. तळाची बातमी उठून दिसावी म्हणून असं करायची पद्धत आहे. थोडक्यात, आठ कॉलमांची जाळी पानाला लागू पडते, पण पानावरच्या प्रत्येक बातमीला नाही. कॉलम बातमीच्या आत शोधावे लागतात आणि त्यासाठी आधी बातमी सापडावी लागते.

कॉलम ओळखायला डाव्या कडाच का, मधल्या फटी का नाहीत? कारण मराठी. १०२ पॉइंटच्या अरुंद कॉलमात 'महानगरपालिकेच्या' सारखा एक शब्द निम्म्याहून जास्त ओळ खातो. पुढचा शब्द मावला नाही की तो खाली जातो, कारण आपल्याकडे शब्द तोडून जोडरेघ द्यायची पद्धत फारशी नाही. मग उरलेले दोन शब्द दोन्ही कडांना ताणले जातात आणि मध्ये वीस-पंचवीस पॉइंटचं मोकळं मैदान तयार होतं. कॉलमांमधली खरी फट फक्त ११ पॉइंटची. 'मोठी मोकळी जागा म्हणजे नवा कॉलम' एवढाच नियम असलेलं साधन इथे शब्दांमधल्या जागेला कॉलमची फट समजतं आणि कॉलमच्या फटीला शब्दांमधली जागा. `pymupdf` सुद्धा अशा ताणलेल्या ओळीचे दोन तुकडे करून देतो. कॉलमच्या कडा ठरल्या की हे तुकडे जोडणं सोपं होतं: दोन्ही तुकडे एकाच कॉलमात, एकाच उंचीवर असतील तर ती एकच ओळ. खरी फट आणि खोटी फट यांतला फरक उंचीचा असतो. खरी फट वीस-तीस ओळी सलग खाली जाते, खोटी एका ओळीत संपते.

आता बातम्या. पानावर मास्टहेडखाली पाच होत्या. मुख्य बातमी पावसाची, पहिल्या पाच कॉलमांवर पसरलेली, १५० पासून ७६० पॉइंटपर्यंत. तिच्या उजवीकडे शेवटच्या तीन कॉलमांत शिक्षकांच्या बदल्यांची बातमी, ती खाली १००० पर्यंत गेलेली. मुख्य बातमीच्या खाली डावीकडे पहिल्या तीन कॉलमांत साखर कारखान्याच्या सभेची बातमी, ७६० पासून थेट तळापर्यंत. कॉलम चार ते आठमध्ये १००० पासून तळापर्यंत ती रुंद कॉलमांची बातमी, एका जुन्या तालमीवरची. आणि या चौघींच्या मध्ये, कॉलम चार-पाचमध्ये, ७६० ते १००० एवढ्या जागेत एक दोन कॉलमी बातमी, बाजार समितीची.

पान तुकड्यांत तोडायची एक जुनी पद्धत आहे. १९८४ साली जॉर्ज नागी आणि शरद सेठ यांनी ती मांडली. पानावर आरपार जाणारी आडवी किंवा उभी मोकळी पट्टी शोधायची, तिथे पान कापायचं, मग प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करायचं. पुस्तकाच्या, मासिकाच्या पानाला ही पद्धत छान चालते. या पानावर ती मास्टहेड कापून थांबली. ७६० वर आडवं कापावं तर शिक्षकांची बातमी मध्ये येते. १००० वर कापावं तर कारखान्याची बातमी आडवी. तिसऱ्या आणि चौथ्या कॉलममध्ये उभं कापावं तर वर पावसाची बातमी पसरलेली, पाचव्या-सहाव्यामध्ये कापावं तर खाली तालीम. चार बातम्या एकमेकींना अडवून उभ्या आणि पाचवी मध्ये अडकलेली. पान लावणारे अशी मांडणी मुद्दाम करतात, कारण पान सरळ पट्ट्यांत लावलं तर मरगळलेलं दिसतं.

आमच्या वाचनालयात एक निवृत्त उपसंपादक रोज संध्याकाळी येतात. बरीच वर्षं त्यांनी पानं लावली. पान छापून त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळतं कुठली बातमी कुठे संपते?"

"अगं, हेडिंग म्हणजे छप्पर," ते म्हणाले. "छपराखाली जे आलं ते त्या घरातलं. तू बातमीकडून खाली बघतेयस. ओळीकडून वर बघ. वर जाताना जे पहिलं हेडिंग डोक्यावर लागेल, ती ओळ त्याची."

हे ऐकून मी तिथेच कागद घेऊन बसले. नियम इतका साधा आहे आणि तरी पानाला कुठेही कापायची गरज पडत नाही. बाजार समितीच्या बातमीतली ओळ घ्या. कॉलम चार, उंची ९००. सरळ वर जा. ७७० च्या आसपास तिचं स्वतःचं हेडिंग लागतं. त्याच्या वर पावसाचं मोठं हेडिंगही आहे, पण तिथपर्यंत जायचंच नाही, पहिलं लागलं तिथे थांबायचं. तालमीच्या बातमीतली कॉलम सातखालची ओळ वर गेली की १०१० च्या आसपास तालमीचं हेडिंग लागतं, शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. चारही बाजूंनी अडकलेली मांडणी या नियमाला अडकत नाही.

नियम चालवायचा तर हेडिंग कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. मी मजकुराच्या आकाराच्या दुपटीहून मोठं ते हेडिंग धरलं, म्हणजे इथे २१ पॉइंटच्या वरचं. बातमीच्या पोटातली ठळक उपशीर्षकं १२-१३ पॉइंटची असतात. ती मजकुरातच राहायला हवीत, नाहीतर प्रत्येक उपशीर्षक नवी बातमी सुरू करतं. एकाच फाँटच्या, एकाच आकाराच्या, एकाखाली एक आलेल्या ओळी एकच हेडिंग. त्याच्यावरची छोटी ओळ, जिला वर्तमानपत्रात शोल्डर म्हणतात, आणि खालची जाड ओळ ही दोन्ही त्याच हेडिंगला जोडायची.

दोन ठिकाणी हेडिंग स्वतःच दगा देतं. पहिलं म्हणजे रुंदी. पावसाच्या बातमीचं हेडिंग मध्यभागी लावलेलं होतं आणि अक्षरं ६० पासून ५३० पर्यंतच होती. दोन्ही बाजूंना थोडं मोकळं. छप्पर अक्षरांएवढंच धरलं तर पहिल्या कॉलमच्या डाव्या कडेवरून वर जाताना ते चुकतं. म्हणून हेडिंग ज्या ज्या कॉलमला स्पर्श करतं ते सगळे कॉलम पूर्ण त्याचे धरायचे. दुसरं म्हणजे शेजार. कारखाना आणि बाजार समिती ही दोन्ही हेडिंगं एकाच उंचीवर आली होती. ३० पॉइंटच्या अक्षरांत दोन शब्दांमधली जागा सहज १० पॉइंट असते आणि दोन हेडिंगांमधली जागा कॉलमच्या फटीएवढी, ११. नुसती जागा पाहून दोन्हींचं एक लांबलचक हेडिंग बनतं. इथे आकार वेगळे होते, ३४ आणि २८, म्हणून ती सुटी झाली. आकार सारखे असते तर त्यांच्या मधून जाणारी उभी रेघ बघावी लागली असती, किंवा पहिल्या ओळीचं नव्हे तर दुसऱ्या ओळीचं टोक, कारण दोन्ही हेडिंगांच्या दुसऱ्या ओळी क्वचितच एकाच ठिकाणी संपतात.

छप्पर लावण्याआधी मात्र दोन गोष्टी पानावरून उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. फोटोओळी आणि चौकटी.

पावसाच्या बातमीत कॉलम तीन ते पाचवर एक मोठा फोटो होता, खाली दोन ओळींची फोटोओळ. फोटो कुठे आहे ते `page.get_image_info()` सांगतं. काही पानांत एकच फोटो दहा-बारा आडव्या पट्ट्यांत कापलेला सापडतो. पारदर्शक सावल्या वगैरे छपाईसाठी सपाट करताना असं होतं. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या जोडून एक चौकोन करायचा. मग त्या चौकोनाच्या तळापासून १५ पॉइंटांच्या आत सुरू होणारी आणि त्याच्याच रुंदीत बसणारी ओळ फोटोओळ असू शकते. इथे तर शंकाच नव्हती. फोटोओळ ३२८ पॉइंट रुंद आणि मजकुराची एकही ओळ १३१ च्या वर नाही. एक कॉलमी फोटोला ही खूण लागू पडत नाही, कारण फोटोओळ आणि मजकूर सारख्याच रुंदीचे. तिथे फाँटवर विसंबायचं: फोटोओळी जवळजवळ नेहमी ठळक किंवा तिरप्या आणि मजकुरापेक्षा एखाद-दीड पॉइंट लहान असतात. उचललेली फोटोओळ फेकायची नाही. ती बातमीच्या शेवटी 'फोटोओळ' असा शब्द लावून ठेवायची. माणसांची नावं बऱ्याचदा फक्त तिथेच असतात.

चौकटीसाठी पानावरच्या रेषा आणि रंगवलेले चौकोन लागतात:

```python
boxes = [d["rect"] for d in page.get_drawings()
         if d.get("fill") and 90 < d["rect"].width < 600
         and d["rect"].height > 60]
```

पावसाच्या बातमीच्या तळाशी कॉलम चार-पाचमध्ये ३६० ते ५७५ रुंदीची, फिक्या करड्या पार्श्वभूमीची चौकट होती, ६४० ते ७५५ उंचीवर. आत धरणातल्या साठ्याचे आकडे. ती तशीच ठेवली तर चौथ्या कॉलमचा मजकूर संपून वाक्य थेट आकड्यांत घुसतं. चौकोनाच्या आतल्या सगळ्या ओळी काढून एक वेगळं एकक केलं आणि मग त्या चौकोनाच्याच वरच्या कडेवरून वर पाहिलं. पावसाचं हेडिंग लागलं, म्हणून चौकट पावसाची. रंग न भरलेल्या, नुसत्या रेघांच्या चौकटींचं काम जास्त किचकट होतं. कधीकधी चारही बाजू चार सुट्या रेघा असतात, आणि त्यांची टोकं जुळतात का ते पाहून चौकोन बांधावा लागतो.

एवढं झाल्यावर छपराचा नियम चालवला आणि कुठल्याच हेडिंगखाली न आलेल्या ओळींची यादी काढली. माझ्या मते या कामातली सगळ्यात उपयोगी यादी हीच. आठव्या कॉलममधल्या, १५५ पासून खाली जाणाऱ्या सगळ्या ओळी त्यात होत्या. शिक्षकांच्या बातमीचं हेडिंग तीन कॉलमांवर नव्हतंच, कॉलम सहा आणि सात एवढ्यावरच होतं. तिच्या तिसऱ्या, म्हणजे पानाच्या आठव्या कॉलमचा मजकूर हेडिंगच्या शेजारून वर चढलेला. त्या ओळींच्या डोक्यावर मास्टहेडशिवाय काही नव्हतं.

अशा पोरक्या कॉलमचं घर सांध्यावरून सापडतं. वर्तमानपत्राचा मजकूर दोन्ही कडांना भिडवलेला असतो. परिच्छेदाची फक्त शेवटची ओळ तोकडी असते आणि फक्त पहिली ओळ आत ढकललेली. म्हणून एका कॉलमची शेवटची ओळ उजव्या कडेला पूर्ण भिडली असेल तर परिच्छेद अजून चालू आहे आणि पुढच्या कॉलमची पहिली ओळ डाव्या कडेला चिकटूनच सुरू व्हायला हवी. शेवटची ओळ तोकडी असेल तर बहुधा परिच्छेद तिथे संपला, आणि पुढचा कॉलम १० पॉइंट आतून सुरू व्हायला हवा, किंवा बातमीच संपायला हवी. याला भाषा कळावी लागत नाही, फाँट बदलावा लागत नाही, नुसते आकडे पुरतात.

सातव्या कॉलमचा मजकूर ७०० ते ८०२ मध्ये. त्याच्या शेवटच्या ओळीची उजवी कड ८०१.६. पूर्ण भिडलेली, म्हणजे वाक्य पुढे चालू. आठव्या कॉलमची पहिली ओळ ८१३.१ वर सुरू, आत ढकललेली नाही. सांधा जुळला. उलट पावसाच्या बातमीच्या पाचव्या कॉलमची शेवटची ओळ ५१२ वरच थांबलेली, कॉलमची कड ५७५. ती बातमी तिथे संपली, तिला आठव्या कॉलमची गरज नाही. कारखान्याची आणि बाजार समितीची बातमीही अशाच तोकड्या ओळीवर संपत होती. एकच दावेदार उरला. नंतर मजकूर देवनागरीत आल्यावर पाहिलं: सातव्या कॉलमच्या तळाशी 'सभागृहात याबाबत', आठव्याच्या डोक्यावर 'सदस्यांनी प्रशासनाला जाब विचारला.'

हीच कसोटी मी प्रत्येक बातमीच्या आत कॉलमांच्या क्रमाला लावली. पावसाच्या बातमीत पहिले दोन कॉलम हेडिंगखालून तळापर्यंत आणि पुढचे तीन फोटोखालून सुरू होणारे. साधा नियम डावीकडून उजवीकडे, प्रत्येक कॉलम वरून खाली. पण बातमीच्या मधोमध सगळ्या कॉलमांना ओलांडणारी एखादी गोष्ट आली, म्हणजे रुंद फोटो किंवा पूर्ण रुंदीचं उपशीर्षक, तर दोन शक्यता असतात. एक तर कॉलम फोटो ओलांडून खाली चालू राहतो, किंवा फोटोच्या वरचे सगळे कॉलम आधी वाचून मग खालचे वाचायचे. पूर्ण रुंदीचं उपशीर्षक असेल तर दुसरी शक्यता जवळजवळ नक्की असते. फोटो असेल तर दोन्ही पाहायला मिळतात. तेव्हा दोन्ही क्रमांनी सांधे मोजायचे आणि ज्यात जास्त जुळतात तो घ्यायचा. या कसोटीची मर्यादाही आहे. पूर्ण भिडलेली ओळ आणि आत न ढकललेली ओळ हे जोड सगळ्यात जास्त आढळतात, त्यामुळे एकच सांधा जुळला म्हणून काही सिद्ध होत नाही. न जुळलेला सांधा मात्र जवळजवळ नेहमी खरं बोलतो. आणि जी वर्तमानपत्रं परिच्छेदाची पहिली ओळ आत ढकलत नाहीत, मजकूर एकाच कडेला भिडवतात, तिथे ही कसोटी लंगडी पडते. मग फक्त पूर्णविराम बघणं उरतं.

आता फाँट. संकेतांचं युनिकोड करणं शेवटी ठेवायचं, कारण तोपर्यंत लागतात ते फक्त आकडे आणि फाँटचं नाव. मजकूर जितका मूळ स्थितीत तितकं बरं. बदल करताना ओळीऐवजी स्पॅन, म्हणजे एकाच फाँटचा सलग तुकडा, हे एकक धरायचं. एकाच ओळीत मराठी मजकूर `SHREE-DEV` मध्ये आणि मधलाच एखादा इंग्रजी शब्द साध्या फाँटमध्ये असतो. पूर्ण ओळ एकदम बदलली तर तो इंग्रजी शब्द देवनागरीच्या कडबोळ्यात जातो. वर `lines` मध्ये स्पॅन राखून ठेवले होते ते यासाठी.

जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने असतात, उच्चारतो त्या क्रमाने नाही. `Am{U` मध्ये `{` म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती `U` म्हणजे 'ण' च्या आधी आहे. युनिकोडमध्ये ती 'ण' च्या नंतर हवी. जोडाक्षर असेल तर ती सगळं जोडाक्षर ओलांडून जायला हवी, 'स्थिती' मधली पहिली वेलांटी 'स्' वर नाही तर 'थ' नंतर. रफाराचं उलटं. तो अक्षराच्या नंतर लिहिलेला असतो आणि अक्षराच्या आधी न्यावा लागतो. त्यामुळे संकेत बदलायचा तक्ता हा अर्धाच भाग. वेलांटी आणि रफार हलवणं हा दुसरा, आणि तो तक्त्यानंतरच करायचा.

अलीकडच्या, युनिकोड फाँटच्या पानांत वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे ओळीतली अक्षरं डावीकडून उजवीकडे अशी जागेनुसार लावायच्या फंदात पडू नये. उकार, रफार, अनुस्वार यांच्या जागा मूळ अक्षराच्या वर-खाली, कधी थोड्या मागे असतात आणि नुसत्या आकड्यांवर लावल्या की शब्द विस्कटतात. जागेनुसार लावायच्या त्या ओळी, अक्षरं नाहीत.

तपासायला मी दोनच गोष्टी ठेवल्या. एक हिशेब: मजकुराच्या आकाराच्या जेवढ्या ओळी पानावर होत्या, तेवढ्याच सगळ्या बातम्या, चौकटी, फोटोओळी आणि जाहिराती मिळून असायला हव्यात. एकही ओळ हरवलेली नको, एकही दोनदा आलेली नको. दुसरी, पानाच्या चित्रावर प्रत्येक बातमीच्या कॉलमांभोवती रंगीत चौकोन आणि वाचनाचा क्रमांक काढायचा. `page.draw_rect()` आणि `page.insert_text()` ने ते होतं, मग `get_pixmap(dpi=80)` ने चित्र काढायचं. काकांनी ती चित्रं चष्मा वर करून पाहिली. एका पानाला त्यांना पाच-सात सेकंद पुरत. मजकूर वाचून जे कळायला वेळ लागला असता ते आकड्यांच्या उड्यांवरून लगेच दिसायचं. ३ नंतर ४ उजवीकडे न जाता खाली गेला की ते बोट ठेवायचे.

काही पानांवर हे सगळं पुरेसं पडलं नाही. मोठी सजवलेली हेडिंगं पुष्कळदा अक्षरं न राहता नुसत्या वक्ररेषा झालेली असतात. मग छप्परच गायब होतं आणि बातमी वरच्या घरात घुसते. त्याची खूण अशी की एखाद्या बातमीत, मधल्या एखाद्या कॉलमात, मजकूर चालू असताना मध्येच साठ-सत्तर पॉइंटचा कोरा पट्टा दिसतो आणि तिथे ना फोटो असतो ना चौकट. तेवढाच तुकडा चित्र म्हणून कापून, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला दिला:

```
tesseract heading.png heading -l mar --psm 6
```

मोठ्या, स्वच्छ अक्षरांचं हेडिंग ते बऱ्यापैकी वाचतं. सुलेखनासारखं असेल तर नाही, तिथे हाताने टाइप केलं. जाहिरातींसाठी मी खास नियम केला नाही. जाहिरातीत फाँट तीन-चार प्रकारचे आणि आकार दहा प्रकारचे असतात, त्यामुळे त्या उठून दिसतात. पण निविदा आणि जाहीर नोटिसा अगदी बातमीसारख्याच लावलेल्या असतात. त्यांची हेडिंगं आम्ही ठेवली. तालुक्याच्या इतिहासाला त्याही लागतात.

राहिली पुढच्या पानावर गेलेली बातमी. पावसाच्या बातमीच्या शेवटी 'पान ५ वर' नव्हतं, शिक्षकांच्या बातमीच्या शेवटी होतं. पाचव्या पानावर तिचा उरलेला भाग 'शिक्षकांच्या बदल्या' एवढ्या छोट्या हेडिंगखाली, 'पान १ वरून' असं लिहून आलेला. पहिल्या पानावरच्या हेडिंगमधला कुठला शब्द पाचव्या पानावरच्या छोट्या हेडिंगमध्ये आहे ते पाहून दोन्ही जोडले आणि जोडावर पुन्हा तीच सांध्याची कसोटी लावली. ती जुळली. प्रत्येक बातमीच्या मजकुरासोबत आता अंकाची तारीख, पान क्रमांक आणि प्रत्येक कॉलमच्या चौकोनाचे चार आकडे ठेवलेले आहेत, म्हणजे शोधून काढलेल्या ओळीवरून मूळ छापील जागेवर थेट जाता येतं.